चाराच्या चक्राची अर्धवट युक्ती: एका फिरत्या संदेशाला उत्तर

«कितीही मोठा घात असो, शेवटचा अंक पाच सेकंदांत! १) घातांकाचा फक्त शेवटचा अंक घ्या, बाकीचे अंक बघायची गरजच नाही. २) त्याला ४ ने भागा आणि उरलेल्या बाकीइतका घात पायाच्या शेवटच्या अंकाला द्या. ३) बाकी ० आली तर उत्तर नेहमी १. ४) घातावर घात असला तरी हीच युक्ती. ७ वर ७, त्यावर पुन्हा ७, याचे उत्तर ३. पडताळून पाहा! ५) शेवटचे दोन अंकसुद्धा असेच काढा. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.»

जुळे सोलापुरातल्या एका अभ्यासिकेच्या गटावरून हा मजकूर माझ्या भाच्याकडे आला आणि «मामा, भारी आहे ना?» अशी पुस्ती जोडून त्याने तो माझ्याकडे धाडला. शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारल्यावर त्याने गप्प बसावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

चाराने भागण्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये एका पत्रात जे प्रमेय मांडले, त्यावरून असे निघते की कोणत्याही पूर्ण संख्येच्या पाचव्या घातातून ती संख्याच वजा केली, तर उरलेल्या संख्येला ५ ने निःशेष भाग जातो. संख्या सम असो वा विषम, तिचा पाचवा घातही तसाच असतो, त्यामुळे ही वजाबाकी सम येते. ५ ने आणि २ ने भाग जातो म्हणजे १० नेही जातो, आणि म्हणून संख्येचा व तिच्या पाचव्या घाताचा एकक अंक एकच असतो. पुढे दर चार पायऱ्यांनी तेच अंक पुन्हा येतात. २ चे घात घेतले तर २, ४, ८, ६ आणि पुन्हा २. संदेशातले खरे तेवढे इथे संपले.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. २ चा १२ वा घात ४०९६ आहे, तो कागदावर दोन मिनिटांत निघतो. संदेशाप्रमाणे १२ मधला फक्त २ घेतला तर उत्तर ४ येते. चूक का होते, तर १० ला ४ ने भाग जात नाही आणि त्यामुळे घातांकाचा दशक अंक बाकी बदलू शकतो. १०० ला मात्र ४ ने भाग जातो, म्हणून घातांक कितीही लांब असला तरी त्याचे शेवटचे दोन अंक पाहणे पुरेसे असते. एका अंकावर काम भागते ते केवळ पायाचा एकक अंक ४ किंवा ९ असेल तेव्हा, कारण त्यांचे चक्र दोनाचे आहे आणि तिथे घातांक सम की विषम एवढेच लागते. ०, १, ५ आणि ६ यांचा एकक अंक तर कधी बदलतच नाही. राहिलेल्या २, ३, ७ आणि ८ या चार अंकांसाठी संदेशाचा नियम म्हणजे नुसता अंदाज आहे.

मग सातांच्या मनोऱ्याचे उत्तर बरोबर कसे आले? खरी मेख इथेच आहे. ७ चा ७ वा घात ८,२३,५४३ आहे. त्याच्या शेवटच्या ४३ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, आणि नुसत्या ३ ला भागले तरी बाकी ३ च. ७ चा घन ३४३, म्हणून उत्तर ३. पण या दोन बाक्या जुळल्या त्या दशक स्थानी ४ हा सम अंक असल्यामुळे. दशक अंक सम असेल तर दशकांच्या वाट्याला ४ ने पूर्ण भाग जातो आणि केवळ एकक अंक पाहणारा माणूसही सुखरूप सुटतो. आता गंमत अशी की ७ च्या प्रत्येक घाताचा दशक अंक समच असतो: ०७, ४९, ४३, ०१ आणि पुन्हा ०७. ३ चेही तसेच आहे: ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७, कुठेही दशक स्थानी विषम अंक सापडणार नाही. या दोन्ही संख्यांच्या घातांना २० ने भागले तर बाकी १, ३, ७ किंवा ९ एवढीच उरते, म्हणून असे घडते. मनोरा नुसत्या सातांचा किंवा नुसत्या तिनांचा असेल तर ही चुकीची युक्ती कधीच उघडी पडत नाही, आणि «पडताळून पाहा» म्हणणाऱ्याने पडताळायला नेमका सातांचा मनोराच दिला आहे.

तेव्हा आपण दुसरा मनोरा घेऊ: ३ वर १३, त्यावर पुन्हा १३. १३ चा एकक अंक ३ आहे आणि १३ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून १३ च्या १३ व्या घाताचा एकक अंक ३. संदेश म्हणेल, ३ चा घन २७, उत्तर ७. प्रत्यक्षात वरच्या घाताचा एकक अंक इथे हवाच कुणाला आहे? आपल्याला हवी आहे त्याची ४ ने भागल्यावरची बाकी. १३ ची बाकी १ आहे आणि १ ला १ ने कितीही वेळा गुणले तरी १ च राहतो, म्हणून अख्ख्या घाताची बाकी १ आणि उत्तर ३. विश्वास बसत नसेल तर संख्या पूर्ण लिहून पाहा: १३ चा १३ वा घात म्हणजे ३०,२८,७५,१०,६५,९२,२५३. शेवटी ५३, दशक अंक विषम. ज्याच्याकडे संगणक आहे त्याने पायथॉनमध्ये ही ओळ चालवावी, पडद्यावर 3 दिसेल.

```
print(pow(3, 13**13, 10))
```

परीक्षेच्या पर्यायांत ३ आणि ७ हे दोन्ही अंक हमखास असतात, त्यामुळे चुकीचे उत्तर काढणाऱ्याला आपले चुकले अशी शंकाही येत नाही.

तिसरा दावा हास्यास्पद आहे. २ चा चौथा घात १६. सम संख्येला सम संख्येने गुणत राहिल्यावर शेवटी १ येईल कुठून, एवढा विचार तरी पाठवणाऱ्याने करायला हवा होता. बाकी ० म्हणजे शून्यावा घात, आणि कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १, असा हा समज दिसतो. पण पाचवा घात आणि मूळ संख्या यांचा एकक अंक सारखा आहे, यावरून चौथ्या घाताचा एकक अंक १ आहे असे म्हणायचे तर दोन्हीकडून ती संख्या काढून टाकावी लागते, आणि १० च्या हिशेबात हे तेव्हाच चालते जेव्हा त्या संख्येला २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. त्यामुळे १, ३, ७, ९ यांना १ हे उत्तर बरोबर ठरते. २, ४, ६, ८ यांना ६ येतो, ५ ला ५ आणि ० ला ०. बाकी ० आली की घातांक ४ धरावा, म्हणजे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

पाचव्या दाव्यालाही सातानेच वाचवले आहे, कारण ७ चा चौथा घात २४०१ असल्याने त्याचे शेवटचे दोन अंक खरोखरच चार पायऱ्यांनी परत येतात. ३ चा चौथा घात ८१, आठवा ६५६१, बारावा ५,३१,४४१. शेवटी ०१ यायला विसावा घात उजाडतो. दोन अंकांसाठी घातांकाला २० ने भागावे लागते, आणि तिथेही पाया २ असेल तर पहिला घात चक्राबाहेर राहतो: २ चा २१ वा घात २०,९७,१५२ आहे, त्याच्या शेवटी ०२ नाही, ५२ आहेत.