तळहाताचा फोटो आणि रिकामं खातं

«सावधान! अमेरिकेत दुकानात तळहात दाखवून पैसे देतात. मशीन हाताचा फोटो साठवते आणि नंतर फोटोला फोटो जुळवते. हात दिसेल असा फोटो टाकू नका, कुणीही तो मशीनला दाखवून तुमचं खातं रिकामं करेल. आपल्या आधारच्या अंगठ्याचंही तसंच.»

आमच्या भावकीच्या ग्रुपवर हे आठवड्यात तिसऱ्यांदा आलं. दुकानांतल्या पेमेंट मशीनच्या सॉफ्टवेअरवर माझं पोट आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी फोटोचं. ॲमेझॉनने 2020 मध्ये सिएटलच्या दुकानांत जी ॲमेझॉन वन मशीन बसवली, ती तळहाताच्या रेषांबरोबर कातडीखालच्या शिराही बघायची. त्यासाठी ती डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकायची. शिरांतलं ऑक्सिजन कमी झालेलं रक्त तो प्रकाश शोषून घेतं, म्हणून शिरांचं काळं जाळं उमटतं. फोनच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे लग्नातल्या हात हलवतानाच्या फोटोत ते जाळं येत नाही. पुढे 2024 मध्ये ॲपवर हाताचा फोटो काढून नोंदणी करायची सोय आली खरी, पण पैसे देताना दुकानात खरा हातच धरावा लागायचा.

नोंदणी करताना हात अशा मशीनवर अधांतरी धरायचा. मशीन पटापट अनेक चित्रं घेते. हात तिरका असला, बाही आड आली, तर पुन्हा मागते. त्या चित्रांतून आकड्यांची एक लांब ओळ तयार होते, तिला टेम्प्लेट म्हणतात. तुलना या ओळींची होते, फोटोंची नव्हे. मूळ चित्र ठेवायचं की पुसायचं हे मात्र त्या त्या कंपनीच्या धोरणावर असतं, आणि तेवढ्यापुरती फॉरवर्डवाल्याची शंका मला मान्य आहे.

मग हे फसवता येतच नाही का? येतं. डिसेंबर 2018 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या हॅकर परिषदेत यान क्रिसलर आणि युलियान आल्ब्रेश्ट यांनी मेणाचा हात करून शिरा ओळखणारी मशीन फसवून दाखवली. पण त्यासाठी कॅमेऱ्यातला अवरक्त गाळणारा फिल्टर काढावा लागला, अडीच हजारांवर फोटो घ्यावे लागले आणि महिनाभर खपावं लागलं. फेसबुकवरून फोटो उतरवण्याइतकं ते सोपं नाही.

खरी मेख जुळवण्यात आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही. कार्ड पुढे केलं की मशीनला माणूस कळलेला असतो. नुसता हात दाखवला तर नोंदलेल्या सगळ्यांतून शोधावं लागतं. समजा, दोन अनोळखी हात चुकून जुळण्याची शक्यता एक कोटीत एक आहे. नोंदलेले हात दहा लाख असतील, तर एका शोधात कुणीतरी चुकीचा माणूस सापडण्याची शक्यता जवळपास दहात एक होते! इतक्या बारीक चुकीचा एवढा गुणाकार. म्हणून जुळणीची अट फार कडक ठेवतात आणि पहिला दावेदार दुसऱ्यापेक्षा स्पष्ट पुढे नसेल, तर मशीन नाही म्हणते. किंवा शोधायची यादी छोटी करतात. मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारले की दहा लाखांतून साधारण शंभर जण उरतात आणि शक्यता लाखात एकावर येते. अलिपे या चिनी पेमेंट ॲपने 2017 मध्ये हांगचौच्या केएफसीत चेहरा दाखवून पैसे घेणं सुरू केलं, तेव्हा फोन नंबरही मागितला जायचा, तो याच कारणाने. जुळ्या भावंडांचे चेहरे सारखे असतात, शिरा नसतात. त्यामुळे चेहऱ्याला असा आधार जास्त लागतो.

अट कडक केल्याची किंमत खऱ्या ग्राहकाला पडते. हात गारठलेला असेल, पट्टी असेल, काच मळली असेल, तर नकार येतो आणि तो कार्ड काढतो. रोज बघायला मिळणारा बिघाड हा असतो, दुसऱ्याच्या खात्यातून पैसे जाण्याचा नव्हे. आणि जुळणी झाली तरी बँकेकडे हात जात नाही. नोंदणीच्या वेळी जोडलेल्या कार्डाचा संकेत जातो आणि पुढचा व्यवहार नेहमीच्या कार्डासारखाच होतो, मर्यादेसह. ते कार्ड बंद केलं की तो हात निरुपयोगी.

राहिला अंगठा. आधारवर पैसे काढताना आधी आधार नंबर द्यावा लागतो, म्हणजे तुलना फक्त तुमच्याच ठशाशी होते. पण भीती बाळगायचीच असेल तर इथे बाळगा, कारण ठसा हा वरवरचा असतो. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे आणि खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात नोंदले गेले आहेत. त्यावर इलाज आहे: यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आणि अंगठा लावायची वेळ आली की तेवढ्यापुरतं उघडा. काकांचं मी परवाच करून दिलं.