ओठांचा चंबू आणि बाहेर आलेली जीभ

मराठी माणसाला लहानपणापासून दोन गोष्टी बजावलेल्या असतात: कुणाला जीभ दाखवायची नाही आणि ओठ चावायचे नाहीत. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या तोंडी भागात अकरा ते चौदा मिनिटं नेमकं हेच करायचं असतं, आणि तेही अनोळखी परीक्षकासमोर. आपली अर्धी अडचण संस्कारांची आहे असं माझं ठाम मत आहे.

उरलेली अर्धी आपल्या 'व'ची. हा 'व' फार सोवळा. वडा म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण टेकत नाही. दारापर्यंत येऊन 'नको, बसत नाही' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा. इंग्रजीला असा संकोच चालत नाही. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला टेकवायचे आणि आवाज सुरू ठेवून त्या फटीतून हवा घासत सोडायची. जमलं की नाही ते ओठच सांगतो: गुदगुल्या होतात. डब्ल्यूसाठी दातांना रजा. तिथे ओठांचा चंबू करून 'उ' म्हणायचा आणि लगेच पुढच्या स्वरात उघडायचा: 'उएस्ट', म्हणजे पश्चिम. आरशात पाहा, चंबूच्या क्षणी दात दिसले तर तो डब्ल्यू नव्हे.

आता कुणी म्हणेल, आपण व्हीला 'व्ह' आणि डब्ल्यूला 'व' लिहितोच की! लिहितो, आणि तिथेच फसतो. 'नव्हता', 'जिव्हाळा' यांतला 'व्ह' म्हणजे आपला सोवळा 'व' अधिक एक उसासा. इंग्रजी व्हीत 'ह' औषधालाही नाही. त्यामुळे 'व्हेरी' लिहिल्याबरहुकूम म्हटलं की सुस्कारा ऐकू येतो, घर्षण नाही. शिवाय हाच 'व्ह' आपण 'व्हॉट' आणि 'व्हेन'लाही लावतो. 'व्हॅन'मध्ये दात टेकवायचे, 'व्हेन'मध्ये चंबू, आणि कागदावर दोघी जुळ्या बहिणी.

मग टीएच. आपल्याकडे 'थ' आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण 'थ' म्हणताना जीभ दातांमागे हवा अडवते आणि एका फटक्यात सोडते. इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीचा टी असाच हवेचा फटका देऊन म्हणतो. म्हणून आपण प्रामाणिकपणे 'थ्री' म्हणतो आणि त्याच्या कानात झाड उगवतं. 'थँक्स' म्हटलं तर रणगाडे. खऱ्या टीएचला जिभेचं टोक दातांच्या मध्ये किंचित बाहेर आणायचं आणि हवा न अडवता वाहू द्यायची. परीक्षा सोपी आहे: तीन सेकंद ताणून पाहा. 'थ' ताणता येत नाही. त्याचं 'थथथ' होतं. ताणता आला, तर तो टीएच. 'दे', 'देन' यांतल्या टीएचला कृती तीच, फक्त घशातून आवाज द्यायचा. आपला 'द' वापरला की 'ते'चा 'दिवस' होतो.

आता हवामानाचं एक निरुपद्रवी वाक्य घ्या: 'वी व्हिजिटेड अ व्हिलेज इन द वेस्ट. द वेदर वॉज व्हेरी वॉर्म.' बारा शब्द. त्यांत पाच चंबू, तीन चावे आणि तीन वेळा जीभ बाहेर. 'वेदर' या एका शब्दात चंबू आणि जीभ दोन्ही. तालमीत आधी चंबूचे पाच शब्द वेगळे काढून म्हणावेत, मग चाव्याचे तीन, आणि मग 'व्हेरी वॉर्म' ही जोडी सावकाश. अपघात इथेच होतो: चावलेला ओठ सुटायच्या आत चंबू करावा लागतो, आणि घाईत 'व्हेरी व्हॉर्म' तरी होतं, नाहीतर 'उएरी उऑर्म'.

हा दुसरा प्रकार जास्त केविलवाणा. आठवडाभर चंबूचा सराव केलेला माणूस तो भाजीलाही लावतो आणि 'उएजिटेबल्स' खातो. त्यापेक्षा घरचा 'व' बरा. परीक्षकाला मराठी वळणाचं वावडं नसतं. उच्चार हा चार समान निकषांपैकी एक, आणि त्यात बोलणं किती सहज समजतं ते बघतात. वाक्यात ओझरता येणारा 'द' म्हणूनच फारसा नडत नाही. नडतात जोर येणारे शब्द: थ्री, थर्टी, थर्सडे, थिंक. वेळ कमी असेल तर जीभ यांच्यासाठी राखून ठेवावी.

कपड्यांच्या 'क्लोद्स'वर मात्र अजिबात घाम गाळू नये. टीएच आणि झेड पाठोपाठ आले की खुद्द इंग्रजही बोलताना जीभ आत घेतात आणि दार बंद करायचा 'क्लोझ' म्हणून मोकळे होतात.