वाफ वाढते ती तापमानामागोमाग

‘पाण्याची वाफ हाच सर्वांत प्रभावी हरितगृह वायू असल्याने तापमानवाढीचे मूळ तिच्यातच आहे.’

एका लेखात आलेल्या या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध मात्र नाही. हवेत वाफ किती मावेल हे तापमान ठरवते. जास्तीची वाफ साधारण आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतके टिकतो. म्हणून सुरुवात तो करतो, आणि हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक वाफ मावू लागते, जी आणखी उष्णता अडवून मूळ वाढ जवळजवळ दुप्पट करते.

याची कसोटी निसर्गानेच घेतली होती. त्या लेखात तिचा उल्लेख हवा होता. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे गंधकयुक्त सूक्ष्म कण उंच वातावरणात पसरले, सूर्यप्रकाश काहीसा अडला आणि पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. त्यापाठोपाठ उपग्रहांना हवेतील वाफही घटलेली दिसली. विशेष म्हणजे, संगणकीय प्रारूपातून वाफेचा हा परिणाम वगळून पाहिला, तेव्हा प्रत्यक्षात नोंदली गेली तेवढी तापमानातील घट त्यात येईना.