‘कुठे गेला आपला नियम?’ या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “ठरावीक रकमेची एसआयपी केली की युनिट नेहमीच सरासरी भावापेक्षा स्वस्त पडते आणि हा फायदा हमखास मिळतो, असे आपण लिहिले आहे. माझे चार हप्ते ४०, ४८, ५० आणि ६० या एनएव्हीला लागले. पहिले दोन तीन-तीन हजारांचे होते, पगारवाढीनंतरचे दोन सहा-सहा हजारांचे. १८,००० रुपयांत ३५७.५ युनिट मिळाले, म्हणजे युनिट ५०.३५ रुपयांना पडले. साधी सरासरी तर ४९.५० येते. कुठे गेला आपला नियम? आणि माझ्या मेहुण्याचे हप्ते समान होते, तरी भाव घसरत गेल्यावर ‘स्वस्त’ घेऊनही त्यांना तोटाच कसा झाला?”

सप्रेम नमस्कार.

आपला हिशेब मी पुन्हा मांडून पाहिला. तो बरोबर आहे. माझ्या वाक्यात दोन दोष होते. एक अट गाळल्याचा, आणि दुसरा, जो मला अधिक गंभीर वाटतो, तो ‘फायदा’ हा शब्द वापरल्याचा.

गाळलेली अट अशी, की प्रत्येक हप्ता समान रकमेचा हवा. आपण चारही हप्ते सहा-सहा हजारांचे भरले असते, तर अनुक्रमे १५०, १२५, १२० आणि १०० असे ४९५ युनिट मिळाले असते आणि २४,००० रुपयांना ४९५ ने भागल्यावर किंमत ४८.४८ आली असती, म्हणजे साध्या सरासरीपेक्षा १.०२ रुपयांनी कमी. प्रत्यक्षात भाव चढल्यावर आपला हप्ता दुप्पट झाला, त्यामुळे महागड्या भावांचे वजन हिशेबात दुप्पट झाले आणि सरासरी वर ओढली गेली. यात आपले काही चुकले असे मात्र मी म्हणणार नाही, कारण पगारवाढीचे पैसे पहिल्या दोन महिन्यांत आपल्या हातात नव्हतेच.

रक्कम समान असली म्हणजे नियम का चालतो, हे भागाकारातच दिसते. प्रत्येक हप्त्याला मिळणारे युनिट म्हणजे रक्कम भागिले भाव. म्हणून एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागताना समान रक्कम वर-खाली छेदली जाते आणि उरते ती ‘हप्त्यांची संख्या भागिले भावांच्या व्यस्तांची बेरीज’. यालाच हरात्मक मध्य किंवा हार्मोनिक मीन म्हणतात. दोनच भाव घेतले, तर साधी सरासरी आणि हरात्मक मध्य यांतला फरक असा लिहिता येतो:

```
(a - b)^2 / (2(a + b))
```

भाव ४० आणि ६० असतील तर हा फरक ४०० भागिले २००, म्हणजे बरोबर २ रुपये येतो; साधी सरासरी ५० आणि खरेदीची किंमत ४८. वरच्या बाजूला वर्ग असल्यामुळे फरक कधीच ऋण होऊ शकत नाही, आणि दोन्ही भाव सारखे असतील तेव्हाच तो शून्य होतो. हप्ते कितीही असले तरी हेच खरे ठरते. चढउतार लहान असतील तर हा फरक फारच किरकोळ असतो: भाव सरासरीच्या वर-खाली साधारण ५ टक्के हलत असेल, तर फरक सरासरीच्या पाव टक्क्याच्या आसपास राहतो.

या सूत्रात भावांचा क्रम कुठेच येत नाही, आणि मेहुण्यांच्या तोट्याचे उत्तर तिथेच आहे. ४०, ५०, ६० असा चढता भाव असो की ६०, ५०, ४० असा उतरता, समान हप्त्यांची खरेदी किंमत दोन्ही वेळा ४८.६५ च येते. पहिल्या वेळी शेवटचा भाव ६० असल्याने नफा दिसतो, दुसऱ्या वेळी तो ४० असल्याने तोटा. साध्या सरासरीच्या, म्हणजे ५० च्या भावाने आपले युनिट परत घ्यायला कोणी बसलेले नसते. विक्री होते ती त्या दिवसाच्या एनएव्हीला.

मग ही साधी सरासरी प्रत्यक्षात कोणाची खरेदी किंमत असते? जो दर महिन्याला भाव न पाहता शंभरच युनिट घेतो, त्याची. खरी तुलना त्याच्याशी करायला हवी होती आणि मूळ लेखात मी ती केली नाही. भाव ४०, ५०, ६० असा चढला, तर शंभर-शंभर युनिट घेणाऱ्याचे १५,००० रुपये लागतात, अखेरीस ३०० युनिटांचे १८,००० होतात आणि नफा ३,००० चा होतो. त्याच्याच बरोबरीने पहिल्या महिन्यात ४,००० रुपयांपासून सुरुवात करून तीच रक्कम कायम ठेवणाऱ्याला १००, ८० आणि ६६.६७ युनिट मिळतात. त्याची किंमत ४८.६५, पण नफा २,८०० च. दुसऱ्या महिन्यात त्याने वीस युनिट कमी घेतले आणि त्या प्रत्येकावर दहा रुपये मिळाले असते.

आता उलट क्रम पाहा. ६,००० च्या तीन हप्त्यांत ३७० युनिट येतात, १८,००० चे १४,८०० होतात आणि तोटा ३,२०० चा होतो. शंभर-शंभर युनिट घेणाऱ्याचा तोटा मात्र ३,००० वर थांबतो. दोन्ही वेळा ‘स्वस्त’ घेणाराच दोनशे रुपयांनी मागे राहिला. मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा मांडल्यावर बेरीज तपासावीशी वाटली होती.

ठरावीक रकमेची पद्धत या दुसऱ्या पद्धतीच्या पुढे जाते ती भाव पडून पुन्हा वर येतो तेव्हा. ५०, ४०, ५० या भावांना पाच-पाच हजार घातले, तर ३२५ युनिट होतात आणि १५,००० चे १६,२५०. शंभर-शंभर युनिटवाल्याचे १४,००० चे १५,००० होतात. अडीचशे रुपयांचा हा फरक ४० च्या भावाला जास्तीचे घेतलेले पंचवीस युनिट पुढे ५० ला गेल्यामुळे आहे. म्हणजे तो भाव परत आल्याचा लाभ आहे. सरासरी कमी असण्याची हमी त्याला पुरत नाही.

आपण हिशेब एक्सेलमध्ये ठेवत असाल असे गृहीत धरून एक सूचना करतो. A स्तंभात हप्त्याची रक्कम, B मध्ये युनिट ज्या एनएव्हीला मिळाले ती आणि C मध्ये युनिट असतील, तर पुढील दोन उत्तरे सारखी यायला हवीत:

```
=HARMEAN(B2:B5)
=SUM(A2:A5)/SUM(C2:C5)
```

ती सारखी आली नाहीत, तर बहुधा हप्त्याची रक्कम मध्येच बदलली आहे, किंवा B मध्ये महिनाअखेरची एनएव्ही भरली गेली आहे. पैशांच्याही अंशाचा फरक मात्र दुर्लक्षिण्याजोगा आहे: १ जुलै २०२० पासून युनिट खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क वजा होते, जे सहा हजारांवर तीस पैसे भरते, आणि युनिट तीन दशांश स्थळांपर्यंतच दिले जातात. आपल्यासारखे हप्ते बदललेले असतील तेव्हा दुसरे सूत्रच वापरावे. मात्र काही युनिट विकल्यावर करासाठी ही सरासरी चालत नाही. तिथे आधी घेतलेले युनिट आधी विकले असे धरतात, त्यामुळे आपले ४० च्या भावाचे पंचाहत्तर युनिट पहिल्यांदा बाहेर पडतील.

मूळ लेखातले वाक्य मी आजच बदलले आहे. आता ते ‘समान रकमेचे हप्ते असतील, तर युनिटची खरेदी किंमत त्या-त्या दिवसांच्या भावांच्या साध्या सरासरीपेक्षा अधिक असत नाही’ असे आहे, आणि त्याखालचा ‘हमखास फायदा’ हा मथळा काढून टाकला आहे.