रोज एक टक्क्याचा हिशेब

‘मामा, शेअर बाजारात सौदे करून रोज फक्त एक टक्का कमवायचा. वर्षाच्या अडीचशे दिवसांत पैसे बारापट! मग नोकरी कशाला?’

प्रिय भाच्या,

गुणाकार बरोबर आहे, तपासला मी. (जन्मभर गणित शिकवलं, सवय जात नाही.) पण त्यात अडीचशेपैकी एकही दिवस तोट्याचा नाही.

समज, दहापैकी सहा दिवस तू एक टक्का कमावलास, चार दिवस तेवढाच गमावलास. हाती ढोबळ दोन टक्के. खरेदी-विक्रीचा खर्च, म्हणजे दलाली, कर आणि एकाच क्षणी घ्यायच्या व विकायच्या भावातला फरक, रोज भांडवलाच्या ०.१ टक्का धरला, तर दहा दिवसांत एक टक्का तिथेच गेला. उरला एक. वर्षाकाठी साधारण २८ टक्के. आणि दहापैकी पाचच दिवस जमले तर खर्चामुळे थेट तोटा.

आता घरखर्च. तुझी शिल्लक दोन वर्षं पुरेल एवढी, म्हणजे दरवर्षी भांडवलाचा निम्मा भाग काढावा लागणार. २८ मिळवून ५० काढलेस, तर शंभराचे वर्षअखेरीस ७८ उरतात, आणि खर्च मात्र तेवढाच राहतो.

नोकरी ठेवून सहा महिने रोजचा सौदा खर्चासकट वहीत लिही. तोट्याचे दिवस गाळू नकोस. मग वही घेऊन ये.

तुझा,
मामा