डायरेक्टला जाताना

माझा मेहुणा म्हापशाला राहतो आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध आहे: डायरेक्ट. मासे घ्यायचे ते डायरेक्ट जेटीवरून, काजू डायरेक्ट भट्टीवाल्याकडून, आंबे तर डायरेक्ट झाडावरून. त्यामुळे आमच्या फोंड्याच्या घरी जेवायला आला आणि माझ्या मोबाइलवर म्युच्युअल फंडाचं पान उघडं दिसलं, तेव्हा पुढे काय होणार हे मी ओळखलं.

"भावोजी, हा रेग्युलर प्लॅन आहे, म्हणजे मधे एजंट! दर वर्षाला पाऊण-एक टक्का कमिशन जातंय तुमचं. डायरेक्टला स्विच मारा. एक बटण, दोन मिनिटं."

बटण एकच आहे, हे खरं. त्याच्या पोटात मात्र दोन व्यवहार असतात: जुने युनिट विकले आणि नवे घेतले. फंड तोच, मॅनेजर तोच, आतले शेअर तेच. आपण पुढच्या दाराने बाहेर पडून परसदाराने त्याच घरात आलो, तरी आयकर खात्याच्या लेखी आपण घर विकलं. आणि विकलं म्हटलं की नफा आला, नफा आला की कर आला.

मी आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर बसलेला माणूस. मेहुण्याला सोलकढी दिली आणि कागद घेतला.

पाच वर्षं दरमहा दहा हजारांची एसआयपी. म्हणजे सहा लाख घातले, आज किंमत नऊ लाख तीस हजार. मेहुणा म्हणाला, "तीन लाख तीस हजार नफा, सोपं आहे." सोपं नाही, कारण एसआयपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे वेगळी खरेदी आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. शेवटच्या बारा हप्त्यांना वर्ष व्हायचं आहे. ते एक लाख वीस हजारांचे एक लाख तीस हजार झालेत. आमच्या फंडात वर्षाच्या आत निघालं तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे तेराशे रुपये. हा लोड नफ्यावर नसतो, निघणाऱ्या सगळ्या रकमेवर असतो. फंड तोट्यात असला तरी कापतात. वर उरलेल्या आठ हजार सातशे नफ्यावर वीस टक्के अल्पकालीन कर आणि उपकर, ते अठराशे दहा.

जुने अठ्ठेचाळीस हप्ते चार लाख ऐंशी हजारांचे आठ लाख झालेत. नफा तीन लाख वीस हजार. त्यातले सव्वा लाख वर्षाला माफ, उरलेल्या एक लाख पंच्याण्णव हजारांवर साडेबारा टक्के. उपकर धरून पंचवीस हजार तीनशे पन्नास. नव्या युनिटांवरची स्टॅम्प ड्यूटी आणि विक्रीवरचा एसटीटी मिळून पन्नास-पंचावन्न रुपये. त्यात चहा-भाजीपावही नीट होत नाही, म्हणून सोडून देऊ.

बेरीज साडेअठ्ठावीस हजार. मेहुण्याने सोलकढीची वाटी खाली ठेवली.

"पण ॲपवर तर असं काही दाखवत नाही."

नाहीच दाखवणार. एक्झिट लोड फंडवाले स्वतः कापून घेतात, त्यामुळे तो निदान कळतो. आपल्यासारख्या इथेच राहणाऱ्यांचा भांडवली नफ्यावरचा कर मात्र ते कापत नाहीत. सगळी रक्कम गाजावाजा न करता नव्या प्लॅनमध्ये जाते, आणि कर भरायचा असतो आपल्या बँकेतल्या पैशांतून, जे तोवर फ्रिजवर खर्च झालेले असतात.

आता दुसरी बाजू. आमच्या फंडाच्या दोन प्लॅनच्या खर्चात पॉइंट आठ टक्क्यांचा फरक आहे. नऊ लाख तीस हजारांवर वर्षाला साधारण साडेसात हजार. साडेअठ्ठावीस हजार देऊन साडेसात हजार वाचवायचे, म्हणजे पावणेचार-चार वर्षं नुसती बरोबरी करण्यात गेली. अर्थात पंचवीस हजारांचा तो कर पूर्ण बुडीत नाही. आज भरला तर नव्या युनिटांची खरेदी किंमत वाढते आणि पुढे तेवढ्या नफ्यावर पुन्हा कर लागत नाही. पण पुढे दरवर्षी थोडे थोडे, सव्वा लाखाच्या आत नफा ठेवून काढले असते, तर तो कर कधीच लागला नसता. न लागणारा कर आधी भरून ठेवणं मला जमत नाही. भाबडेपणालाही मर्यादा असते.

"म्हणजे डायरेक्ट नकोच?" मेहुण्याचा चेहरा पडला.

डायरेक्ट हवं, पण एका घासात नको. अर्धवट विकलं की सर्वांत जुने युनिट आधी गेले असं धरतात. म्हणजे आपण काही न निवडता लोडवाले नवे हप्ते आपोआप मागे राहतात. सव्वा लाखाची माफी आर्थिक वर्षाला एकदा मिळते, आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. मार्चमध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास हलवले, एप्रिलमध्ये आणखी तीनेक लाख, तर थोड्याच दिवसांत अडीच लाखांचा नफा करमुक्त निघतो. उरलेले साडेतीन लाख पुढच्या एप्रिलला. तोवर शेवटच्या हप्त्यांचंही वर्ष भरलेलं असेल. वर्षभर थांबण्याची किंमत अठ्ठावीसशेच्या घरात. तेवढेच आजच हलवले तर लोड आणि कर मिळून बारा हजार.

नेमके किती युनिट म्हणजे सव्वा लाख नफा, हे डोक्यात काढू नये. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेककडून हप्तावार नफ्याचं विवरण ईमेलवर फुकट मिळतं. शेअर किंवा दुसरा इक्विटी फंड विकला असेल तर तो नफाही याच सव्वा लाखात बसवायचा. आणि ३१ मार्चची वाट पाहत बसू नये. त्या दिवशी सुट्टी निघाली तर व्यवहाराला एप्रिलची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, लागते आणि दोन्ही स्विच एकाच वर्षात जाऊन पडतात.

मेहुण्याचा उत्साह परतला. "मग तो टॅक्स सेव्हर फंडही हलवू." तिथे मात्र हिशेबच नाही. ईएलएसएसला तीन वर्षांचं लॉक-इन, तेही प्रत्येक हप्त्याला वेगळं. पैसे देऊनसुद्धा सुटका नाही. पहिला हप्ता सुटला म्हणून सगळे सुटले, असं समजून नाचणारे मी पाहिलेत.

ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये पहिला स्विच झाला. दुसऱ्याच दिवशी बायकोने मोबाइल पुढे केला. "अहो, युनिट कमी झालेत! कुणी काढले?" डायरेक्टची एनएव्ही जास्त असते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत युनिट कमी येतात, हे तिला पटवण्यात संध्याकाळ गेली. रक्कम बघ, युनिट बघू नको, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी "कळलं, कळलं" म्हणालं. एसआयपी स्विचबरोबर जात नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. जुनी बंद करून डायरेक्टमध्ये नवी सुरू करावी लागते, नाहीतर पुढच्या दाराने दरमहा दहा हजार जातच राहतात.

एक खर्च मात्र कागदावर मांडला नव्हता. आमचा फंड एजंट बायकोच्या माहेरच्या गावचा. चतुर्थीला माटोळीसाठी रानातली फळं न चुकता आणून देतो. त्याचं कमिशन बंद झालं हे त्याला त्याच्या स्टेटमेंटवरून कळणारच होतं, आणि कळलं. त्याचा फोन आला तेव्हा मी मेहुण्याकडे बोट दाखवलं, आणि मेहुण्याने मोबाइल डायरेक्ट आपल्या बहिणीच्या हातात दिला.