नवरा धरून ठेवावा लागतो

माझा पुतण्या मंदार नोकरी सोडून धंद्यासाठी 'प्रॉब्लेम' शोधायला निघाला, तेव्हा वहिनींचं म्हणणं पडलं, की आणखी प्रॉब्लेम बाहेरून आणायचे कशाला? पण त्याची पद्धत ठरलेली होती. ऑनलाइन वस्तूंखाली लोक ज्या तक्रारी लिहितात त्या वाचायच्या आणि त्यातून धंदा काढायचा. हे वाचनाचं काम माझ्याकडे आलं. "काका, तक्रारीतलं तुम्हाला कळतं," असं तो म्हणाला. हे कौतुक होतं की काय, हे मी विचारलं नाही.

वस्तू ठरली नारळाची खवणी. खाली रबराची वाटी असते, खटका दाबला की ती ओट्याला घट्ट बसते आणि वर हँडल फिरवायचं. निदान फोटोतली बाई तरी तसं करते आणि करताना हसतेही.

पाच स्टारवाले पहिल्याच दिवशी बाद झाले. "अजून वापरली नाही, पण छान आहे" यावर कोण कारखाना काढणार? एक स्टारवाल्यांचं भांडण खवणीशी नसतंच, ते कुरिअरवाल्याशी असतं. खरा ऐवज दोन-तीन स्टारमध्ये सापडतो. या माणसांना वस्तू हवी असते, त्यांनी ती वापरलेली असते, आणि कुठे अडलं ते ती शांतपणे सांगतात. असली माणसं आमच्या सोसायटीच्या मीटिंगला का येत नाहीत, कोण जाणे.

मंदारने शीटमध्ये रकाने आखून दिले होते: कुठला भाग, किती महिन्यांनी बिघडला, आणि मग त्या माणसाने काय केलं. शेवटचा रकाना सोन्याचा, असं तो म्हणे. नुसतं कुरकुरायला कष्ट पडत नाहीत. पण कुणी वेळ घालवून स्वतःच उपाय केला असेल, तर त्याचं दुखणं खरं. शिवाय एकच तक्रार चार-पाच ब्रँडच्या खाली दिसली पाहिजे. एकाच ब्रँडखाली असली तर त्या कारखान्याचा माल वाईट, एवढाच अर्थ. ब्रँडोब्रँडी असली, तर रचनेतच खोट आहे.

आणि होती! "ओट्याला चिकटत नाही" हे सगळीकडे. वाटीतली हवा बाहेर गेली की ती पकडते, पण त्यासाठी खालचा दगड काचेसारखा गुळगुळीत हवा. आपला कडप्पा खरखरीत, त्यातून हवा परत शिरते. कडेला स्क्रूने आवळायची खवणीही मिळते, पण ओट्याची कड दुहेरी आणि गोलाई दिलेली असली, तर तिचा जबडा तेवढा उघडत नाही. उपायाच्या रकान्यात मग एका बाईंचा तोडगा आला: घर बांधताना उरलेली चकचकीत फरशी ओट्यावर ठेवायची, तिच्यावर खवणी बसवायची, आणि नवऱ्याने फरशी धरायची.

मंदार आनंदाने उडालाच. "काका, आपल्याला फक्त नवरा काढून टाकायचाय!" नेमक्या त्याच वेळी त्याची काकू चहा घेऊन आली होती, ते असो.

गुळगुळीत पाट, पुढे ओट्याच्या कडेला अडकणारी पट्टी. चित्र छान निघालं. मग हिशेब मांडला. सातशेच्या खवणीखाली घालायच्या पाटाला लोक तीनशेच्या वर देणार नाहीत, असं आम्ही धरलं. त्यातून कर, वेबसाइटचं कमिशन, दोन किलोच्या खोक्याचं कुरिअर काढलं, की हातात राहत होते सव्वाशेच्या आसपास, आणि पाट बनवायलाच दीडशे. त्यात एखादा परत आला की जाण्यायेण्याचा खर्च आपल्याच बोडक्यावर. नवरा फुकट पडतो, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शिवाय ज्यांनी ओटा बघून खवणी घेतलीच नाही, ते रिव्ह्यू लिहीत नाहीत. ते किती आहेत हे कुठल्याच शीटमध्ये सापडत नाही. आणि निळ्या-लाल, लहान-मोठ्या मॉडेलचे रिव्ह्यू एकाच पानावर मिसळलेले असतात, त्यामुळे कोण कुठल्या खवणीवर चिडलाय, हे वाचून-वाचूनच लावावं लागतं.

मंदार दोन दिवस गप्प होता. मग "किती महिन्यांनी" हा रकाना घेऊन बसला. वर्षभराने लिहिणाऱ्यांची तक्रार वेगळीच होती: आधी चिकटायची, आता चिकटत नाही. खोबऱ्याचं तेल लागून साधं रबर फुगतं, आकार सोडतं. खवणी धडधाकट, पण सुटं रबर मिळत नाही, म्हणून ती माळ्यावर जाते. सिलिकॉनची वाटी तेलाला बरीच दाद देत नाही, वजनाला हलकी, पाकिटातून जाते. हिशेब पहिल्यांदाच आमच्या बाजूने झुकला.

एकच अडचण उरली. प्रत्येक ब्रँडच्या वाटीचं माप निराळं, आणि प्रत्येक मापाला साचा वेगळा, त्याचा खर्चही वेगळा. तेव्हा कुठली दोन मापं जास्त चालतील ते आधी बघावं, म्हणून मंदारने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: आपापल्या खवणीखालच्या रबराचा व्यास मिलिमीटरमध्ये कळवा.

आत्याचं उत्तर सगळ्यात आधी आलं: "चार बोटं. आणि पाती पण बोथट झालीय, तिचं काय ते बघ."